ऐंशी दिवसांचा हिशोब: नव्या नोकरीत प्रसूती रजा मिळते का, किती आणि कशी

नोकरीला चार महिने झालेली स्त्री प्रसूती रजेचा अर्ज देते आणि कार्यालयातून उत्तर येते: "तुमचं प्रोबेशन संपलेलं नाही, वर्षही भरलेलं नाही, रजा बिनपगारी घ्यावी लागेल." हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. कायद्यात प्रोबेशनची अट नाही, एक वर्षाचीही नाही. अट आहे ८० दिवसांच्या कामाची. हे ८० दिवस कुठून मोजायचे, कोणते दिवस त्यात येतात आणि कोणते गळतात, यात गफलत झाली की हक्काचा पैसा हातचा जातो. या लेखात पुण्यातल्या एका काल्पनिक कार्यालयाचे उदाहरण घेऊन तारखांसकट हा हिशोब मांडला आहे. तुमच्या तारखा त्यात घालून पाहा.

आधी कायदा कोणता ते पाहू. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यात २०१७ साली झालेली २६ आठवड्यांची दुरुस्ती बहुतेकांना ऐकून माहीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्या सहाव्या प्रकरणात, म्हणजे कलम ५९ ते ७२ मध्ये गेला. ८० दिवस, २६ आठवडे, ४८ तास हे आकडे तसेच राहिले आहेत. 'वेतन' या शब्दाची व्याख्या मात्र बदलली आहे आणि तिचा परिणाम थेट रकमेवर होतो. त्याकडे पुढे येऊ.

उदाहरणातल्या तारखा

पुण्यात ३४ माणसांचे एक खासगी कार्यालय आहे. तिथे एक स्त्री लेखा विभागात १२ जानेवारी २०२६, सोमवारी रुजू झाली. नेमणूक सहा महिन्यांच्या करारावर आहे आणि करार ११ जुलै २०२६ ला संपतो. आठवड्याला सहा दिवस काम, रविवार सुट्टी. डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ जून २०२६ दिली आहे. हे पहिलेच अपत्य आहे. फेब्रुवारीत मळमळ आणि अशक्तपणामुळे तिने सहा दिवस रजा घेतली, त्यातली चार पगारी आणि दोन बिनपगारी. महिन्याचे एकूण वेतन ४२,००० रुपये आहे: मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २४,०००, घरभाडे भत्ता १२,००० आणि प्रवास भत्ता ६,०००.

ती रुजू झाली तेव्हा गरोदर होती, हे तारखांवरून उघड आहे. त्याने हक्काला बाधा येत नाही. गरोदरपण नोकरी लागल्यानंतरचेच असावे, अशी अट कायद्यात कुठेही नाही.

पायरी पहिली: हे प्रकरण आस्थापनेला आणि तुम्हाला लागू आहे का

कारखाना, खाण किंवा मळा असेल तर माणसे मोजायची गरज नाही. दुकान किंवा कार्यालय असेल तर मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा जास्त माणसे कामावर असली तरी पुरे. आज नऊच आहेत, असे मालक म्हणत असेल तर जुने हजेरीपट पाहायचे. या दहात पुरुष, कंत्राटी, अर्धवेळ सगळे धरायचे. फक्त स्त्रिया मोजायच्या नाहीत.

दुसरी चाळणी कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची. तुमचे वेतन महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि तुमचा विमा उतरवलेला असेल, तर रजेचा पैसा मालक देत नाही, विमा महामंडळ देते. तिथे ८० दिवसांचा हिशोब चालत नाही. लगतच्या दोन अंशदान कालावधींत किमान ७० दिवसांचे अंशदान लागते आणि हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे ठरलेले असतात. नवीन रुजू झालेल्या विमाधारक स्त्रीने रजेला निघण्याआधी शाखा कार्यालयात जाऊन आपला लाभ कालावधी लिहून घ्यावा. पैसा महामंडळाचा असला तरी रजा मंजूर करणे आणि नोकरी टिकवणे ही जबाबदारी मालकाचीच राहते.

आपल्या उदाहरणात कार्यालय ३४ माणसांचे आहे. वेतन नव्या व्याख्येप्रमाणे २४,००० होते, ते कसे हे खाली येईलच. म्हणजे ती ईएसआयबाहेर आहे आणि लाभ द्यायचा तो मालकाने.

पायरी दुसरी: ८० दिवस उलटे मोजा

बहुतेक चुका इथेच होतात. कायदा म्हणतो की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या लगत आधीच्या बारा महिन्यांत तिने त्या मालकाकडे किमान ८० दिवस प्रत्यक्ष काम केलेले असावे. म्हणजे मोजणी अपेक्षित तारखेपासून मागे जाते. अर्ज दिला त्या दिवसापासून किंवा गर्भधारणेच्या दिवसापासून नाही.

आपली खिडकी १५ जून २०२५ ते १४ जून २०२६ अशी आहे. त्यातले १२ जानेवारीपर्यंतचे महिने रिकामे, कारण ती तेव्हा या मालकाकडे नव्हती. आधीच्या कंपनीतले दिवस इथे जमेला धरता येत नाहीत.

आता दिवस कोणते धरायचे? प्रत्यक्ष कामाचे दिवस धरायचेच. घरून केलेले कामही काम आहे, फक्त त्याची लॉगिनची किंवा ईमेलची नोंद जपून ठेवा. त्याशिवाय दोन प्रकारचे दिवस कायदा स्वतःहून जमेला धरतो: मालकाने काम नाही म्हणून बसवून ठेवलेले दिवस, म्हणजे ले-ऑफ, आणि कायद्याने जाहीर झालेल्या पगारी सुट्ट्या. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याखाली वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आपसांत ठरवलेल्या आणखी चार. आजारपणाची रजा, किरकोळ रजा, बिनपगारी रजा यांचा या यादीत उल्लेख नाही, म्हणून त्या धरू नयेत. साप्ताहिक सुट्टी धरावी की नाही यावर वाद घालायला जागा आहे, पण आपला हिशोब त्यावर उभा करू नये. रविवार वगळून ८० भरले तर वादच उरत नाही.

समजा तिला शक्य तितक्या लवकर, म्हणजे अपेक्षित तारखेच्या बरोबर आठ आठवडे आधी, २० एप्रिलला रजेवर जायचे आहे. १९ एप्रिलपर्यंतचे दिवस महिन्यांनुसार लावू. जानेवारीत १२ ते ३१ असे २० दिवस, त्यात दोन रविवार आणि २६ तारखेची सुट्टी, म्हणून काम १७ दिवस. फेब्रुवारीचे २८ दिवस, त्यातून चार रविवार आणि सहा दिवसांची रजा वजा, काम १८ दिवस. मार्चचे ३१ दिवस, त्यात पाच रविवार आणि १९ तारखेच्या गुढीपाडव्याची सुट्टी, काम २५ दिवस. एप्रिलचे पहिले १९ दिवस, तीन रविवार वजा, काम १६ दिवस. बेरीज ७६. त्यात दोन पगारी सुट्ट्या मिळवल्या की ७८.

दोन दिवस कमी पडतात. लेखा विभाग "पात्र नाही" असा शेरा मारून अर्ज परत करतो आणि बाई गप्प बसते. पण खिडकी १९ एप्रिलला बंद होत नाही, ती १४ जूनपर्यंत उघडी आहे. रजा कधी सुरू करायची हे ठरवणे तिच्या हातात आहे. प्रसूतीपूर्वी आठ आठवडे ही कमाल मर्यादा आहे. तेवढे आधी जायलाच हवे असा नियम नाही. ती २० आणि २१ एप्रिल, सोमवार-मंगळवार, कामावर आली आणि २२ तारखेपासून रजेवर गेली की ८० पूर्ण होतात.

यात तिचे काही कमी होत नाही, कारण एकूण २६ आठवडे तेवढेच राहतात. आधीचे दोन दिवस कमी झाले ते नंतर मिळतात. प्रकृती ठीक असेल तर आणखी थोडी सावधगिरी घ्यावी. सुट्ट्या जमेला धरायलाच मालक तयार नसेल, तर निव्वळ कामाचे ८० दिवस गुरुवार, २३ एप्रिलला भरतात. २४ पासून रजा घेतली तर कुठल्याही बाजूने मोजा, आकडा ८० च्या खाली येत नाही.

धोका कुठे आहे तेही सांगायला हवे. ८० भरण्याआधीच प्रसूती झाली तर अडचण येते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी आहे, म्हणजे ती राहिलेले दिवस भरून काढू शकत नाही. तेव्हा साप्ताहिक सुट्टीचा मुद्दा किंवा कंपनीचे स्वतःचे धोरण एवढाच आधार उरतो. उशिरा रुजू झालेल्या स्त्रीने म्हणूनच गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यातच हा हिशोब कागदावर मांडावा आणि बिनपगारी रजा घेताना तो समोर ठेवावा.

पायरी तिसरी: रजेचा आवाका

पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त आठ अपेक्षित तारखेपूर्वी. दोन किंवा अधिक हयात मुले असतील तर १२ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त सहा आधी. म्हणजे तिसऱ्या वेळी हक्क जात नाही, फक्त मुदत कमी होते. "तिसऱ्याला काहीच नाही" हा समज चुकीचा आहे.

आठवडा म्हणजे सलग सात दिवस, रविवारसकट. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली बी. शाह खटल्यात हे स्पष्ट केले. तेव्हा मळ्यातल्या कामगार स्त्रीला रविवारचे पैसे द्यायचे की नाही हा प्रश्न होता आणि न्यायालयाने द्यायचे असे सांगितले. तेव्हा २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. मध्ये येणारा स्वातंत्र्यदिन, गणेशचतुर्थी, रविवार यांनी रजा वाढत नाही आणि पैसाही कापला जात नाही.

२२ एप्रिलपासून १८२ दिवस मोजले की शेवटचा दिवस २० ऑक्टोबर २०२६ येतो. रुजू व्हायचे २१ ऑक्टोबरला, बुधवारी. यातले ५४ दिवस १५ जूनपूर्वीचे आणि १२८ दिवस १५ जूनपासूनचे. प्रसूती आठवडाभर आधी किंवा नंतर झाली तर या दोन भागांचे प्रमाण बदलते, शेवटची तारीख बदलत नाही.

गरोदरपण, प्रसूती किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती यातून आजारपण उद्भवले तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. ही २६ आठवड्यांच्या वरची आहे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्यास दोन आठवडे.

पायरी चौथी: रक्कम

रजेच्या दिवसाला सरासरी दैनिक वेतन मिळते. सरासरी काढायची ती रजेला निघण्याच्या लगत आधीच्या तीन महिन्यांतल्या, काम केलेल्या दिवसांच्या वेतनावरून.

आता तो बदललेला शब्द. जुन्या कायद्यात वेतनात घरभाडे भत्त्यासह सगळे रोख भत्ते येत. नव्या व्याख्येत घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, जादा कामाचा मोबदला, कमिशन असे काही घटक बाहेर काढले आहेत. मात्र बाहेर काढलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर जास्तीचा भाग पुन्हा वेतनात धरायचा. 'विशेष भत्ता' असे नाव देऊन दिलेली रक्कम वगळलेल्या यादीत नाही, हे लेखा विभागाला आवर्जून दाखवावे.

आपल्या उदाहरणात वगळलेले घटक १२,००० आणि ६,००० मिळून १८,०००. एकूण ४२,००० चे निम्मे २१,०००. वगळलेली रक्कम त्याच्या आत आहे, म्हणून वेतन २४,०००. मूळ वेतन १६,००० आणि भत्ते २६,००० अशी रचना असती, तर निम्म्यावरचे ५,००० परत मिळवून वेतन २१,००० झाले असते. मग ती ईएसआयच्या मर्यादेत गेली असती आणि सगळा हिशोबच वेगळ्या खिडकीवर गेला असता. पगारपत्रकातले शीर्षक बघून चालत नाही, बेरीज करावी लागते ती यासाठी.

२२ जानेवारी ते २१ एप्रिल हे ९० दिवस होतात. मासिक पगारात साप्ताहिक सुट्टीचाही पैसा असतो, म्हणून व्यवहारात मासिक पगारदाराची सरासरी कॅलेंडरच्या दिवसांवर काढतात. तीन महिन्यांचे ७२,००० भागिले ९० म्हणजे दिवसाला ८०० रुपये. रोजंदारीवरच्या स्त्रीचा दिवसाचा दर हाच तिचा दैनिक दर असतो आणि तो आठवड्याच्या सातही दिवसांना लागतो.

इथे एक चूक फार वेळा दिसते. फेब्रुवारीत दोन दिवस बिनपगारी गेले. लेखापाल त्या दोन दिवसांचे पैसे, सोयीसाठी १,६०० धरू, वरच्या आकड्यातून वजा करतो पण खाली भागाकार ९० नेच करतो. मग ७०,४०० भागिले ९०, म्हणजे ७८२ रुपये येतात आणि तिचे दिवसाला अठरा रुपये जातात. सरासरी काम केलेल्या दिवसांची असल्यामुळे ते दोन दिवस वरून काढले तर खालूनही काढायला हवेत. ७०,४०० भागिले ८८ म्हणजे पुन्हा ८००.

हिशोब असा लागतो:

```
प्रसूतीपूर्व   ५४ × ८०० =   ४३,२००
नंतरचे       १२८ × ८०० = १,०२,४००
एकूण         १८२ × ८०० = १,४५,६००
वैद्यकीय बोनस               ३,५००
```

वैद्यकीय बोनस तेव्हा मिळतो, जेव्हा मालकाने प्रसूतीपूर्व आणि प्रसूतीनंतरची देखभाल स्वतःच्या खर्चाने केलेली नसते. तो वेगळा मागावा लागतो असे नाही, पण अर्जात लिहिलेला बरा.

हा आकडा किमान आहे. नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या धोरणात "प्रसूती रजेत पूर्ण पगार" असे लिहिलेले असेल तर ४२,००० च्या हिशोबाने मागणी करावी. अनेक कार्यालयांत आतापर्यंत पूर्ण पगार देण्याची पद्धत होती. नव्या व्याख्येकडे बोट दाखवून कोणी रक्कम कमी करत असेल तर आधी तो धोरणाचा कागद काढून वाचा.

पायरी पाचवी: सूचना द्या, पोच घ्या

रजेची लेखी सूचना द्यायची असते. तीत तीन गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेपासून रजा, पैसा कोणाला द्यायचा (स्वतःला की नेमलेल्या व्यक्तीला), आणि रजेच्या काळात दुसरीकडे कुठेही काम करणार नाही याची हमी. ही हमी गांभीर्याने घ्यावी, कारण त्या काळात दुसऱ्या आस्थापनेत काम केल्याचे सिद्ध झाले तर त्या मुदतीचा लाभ बुडतो. सोबत नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला जोडायचा, त्यावर अपेक्षित तारीख स्पष्ट हवी. सोनोग्राफीनंतर ही तारीख कधी कधी बदलते. कार्यालयाला एकच दाखला द्या आणि सगळे हिशोब त्याच तारखेवर ठेवा.

मजकूर साधा ठेवावा:

*"मी दि. १२ जानेवारी २०२६ पासून आपल्या आस्थापनेत कार्यरत आहे. माझ्या प्रसूतीची अपेक्षित तारीख १५ जून २०२६ असून वैद्यकीय दाखला सोबत जोडला आहे. दि. २२ एप्रिल २०२६ पासून २६ आठवडे मी प्रसूती रजेवर राहीन. अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत माझे कामाचे ८० दिवस पूर्ण झाले असून तपशील सोबत आहे. या काळात मी अन्य कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. मातृत्व लाभ व वैद्यकीय बोनस माझ्या बँक खात्यात जमा करावा. माझ्या अनुपस्थितीत तो माझे पती यांना द्यावा."*

ईमेलने पाठवा, छापील प्रतही द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्ज साधारण मार्चअखेरीस द्यावा, म्हणजे आकड्यांवर वाद झालाच तर कामावर असतानाच तो सुटतो. तेव्हा तपशिलात ८० वा दिवस कोणत्या तारखेला भरतो ते लिहायचे आणि 'पूर्ण झाले असून'च्या जागी 'दि. २१ एप्रिल २०२६ रोजी पूर्ण होतील' असे म्हणायचे. आधी सूचना देता आली नाही तर प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर द्यावी. सूचना दिली नाही एवढ्या कारणाने हक्क जात नाही.

मालकाने काय करायचे

सूचना मिळाल्यावर मालकाने रजा द्यायची असते. 'मंजुरी' म्हणून तिला अडवण्याची मुभा त्याला नाही. गरोदर असल्याचा दाखला दिला की प्रसूतीपूर्व काळाची रक्कम, इथे ४३,२००, आगाऊ द्यायची. प्रसूती झाल्याचा दाखला दिल्यापासून ४८ तासांच्या आत उरलेली १,०२,४०० रुपये द्यायची. अनेक कार्यालये हे पैसे महिन्याच्या पगारासारखे हप्त्याहप्त्याने देतात. स्त्रीची हरकत नसेल तर चालते, पण एकरकमी मागणे हा तिचा हक्क आहे.

रजेला निघण्याआधीच्या काळातही मालकावर बंधन आहे. तिने मागणी केली तर अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना तिला अवजड काम, तासन्‌तास उभे राहण्याचे काम देता येत नाही आणि ही सवलत दिली म्हणून पगार कापता येत नाही. नेमणूक करतानाच प्रत्येक स्त्रीला या लाभांची लेखी आणि इलेक्ट्रॉनिक माहिती द्यावी लागते, आणि या प्रकरणाचा गोषवारा स्थानिक भाषेत, म्हणजे इथे मराठीत, दिसेल अशा जागी लावावा लागतो. तुमच्या कार्यालयात तो लावलेला नसेल तर तेही तक्रारीत लिहिता येते.

करार जुलैत संपतो, मग?

आपल्या उदाहरणातला अवघड प्रश्न हा आहे. करार ११ जुलैला संपतो आणि रजा २० ऑक्टोबरपर्यंत आहे. मालक म्हणेल, ११ जुलैपर्यंतचे देतो, पुढे नोकरीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी कविता यादव खटल्यात याचे उत्तर दिले आहे. तिथे एका डॉक्टरचा करार प्रसूती रजा सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच संपत होता. न्यायालयाने सांगितले की पात्रतेची अट पूर्ण झाली की लाभ करार संपल्यानंतरही पूर्ण मुदतीसाठी मिळतो. तो निकाल १९६१ च्या कायद्याखालचा आहे. ज्या कलम १२ च्या आधारे तो दिला, त्याचीच भाषा आता संहितेच्या कलम ६८ मध्ये आहे. तेव्हा इथे १८२ दिवसांची पूर्ण रक्कम देय आहे. मात्र या निकालाने करार आपोआप वाढत नाही. २१ ऑक्टोबरला नोकरीवर परत येण्याचा हक्क कराराच्या नूतनीकरणावर अवलंबून राहतो. पैसा आणि नोकरी हे दोन प्रश्न वेगळे ठेवून बोलावे, नाहीतर दुसरा हरला की पहिलाही सोडून दिला जातो.

करार चालू असताना मात्र रजेच्या काळात किंवा रजेमुळे कामावरून काढणे, रजेत संपेल अशी नोटीस देणे, किंवा पद, पगार, बदली यांत तिच्या नुकसानीचा बदल करणे बेकायदा आहे. गरोदरपणात काढून टाकले तरी लाभ बुडत नाही. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तणुकीचा, तोही लेखी आदेशाने, आणि त्यावर ६० दिवसांत अपील करता येते. "स्वतःहून राजीनामा द्या, अनुभवपत्र चांगलं देतो" असे तोंडी सुचवले गेले, तर राजीनामा लिहून देऊ नका. कलम ६८ चा आधार कामावरून काढलेल्या स्त्रीसाठी आहे. राजीनामा हातात पडला की मालक तिने स्वतःहून नोकरी सोडली असे म्हणायला मोकळा होतो.

परतल्यावर

बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी वेळ मिळतो. ५० किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. आपले कार्यालय ३४ जणांचे, म्हणून पाळणाघराचे बंधन नाही, दोन वेळांचे आहे. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर घरून काम करण्याचे मालकाशी ठरवता येते, पण ते दोघांच्या संमतीने. तो हक्क म्हणून मागता येत नाही.

नकार आला तर

आधी नकार लेखी मिळवा. तोंडी नकार आला असेल तर त्याच दिवशी ईमेल लिहा: "आज आपण सांगितले की माझी पात्रता होत नाही. माझ्या हिशोबाने ८० दिवस पुढीलप्रमाणे होतात. यात चूक असल्यास कळवावे." सोबत महिन्यावार तक्ता द्या. कितीतरी प्रकरणे या तक्त्यावरच मिटतात, कारण नाही म्हणणाऱ्याने मोजणी केलेलीच नसते.

तरीही हालचाल झाली नाही तर जिल्ह्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्यायची. संहितेत निरीक्षकाला निरीक्षक-सह-सुविधाकर्ता असे नाव आहे. लाभ चुकीने अडवला किंवा रजेच्या काळात कामावरून काढले, अशी तक्रार असेल तर तो चौकशी करून रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतो. त्या आदेशावर नाराज पक्षाला ३० दिवसांत अपील करता येते. लाभ न देणे हा गुन्हाही आहे आणि त्याला कैद किंवा दंडाची तरतूद आहे.

तक्रारीसोबत नेमणूकपत्र, हजेरीची प्रत किंवा स्वतः ठेवलेली नोंद, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, डॉक्टरांचा दाखला, पोच घेतलेला अर्ज आणि बाळाचा जन्मदाखला जोडा. यातली हजेरीची प्रत रजेवर जाण्याआधी काढून ठेवा. घरी गेल्यावर कार्यालयाच्या संगणकप्रणालीत शिरण्याची सोय अनेकदा बंद केली जाते आणि ८० दिवसांचा पुरावा तिथेच अडकून राहतो.